गाण्याशिवाय नाचणारा मामा

आमच्याकडे नवा प्रसंग लिहून झाला की तो आधी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, असा नेम आहे. वाचताना कुणी म्हणालं, ‘इथं गाणं वाजलं की मजा येईल,’ की मी कागद खाली ठेवते आणि त्या जागेवर पेन्सिलीनं गोल करते. तिथं विनोद अजून लिहिला गेलेला नाही एवढाच त्या वाक्याचा अर्थ. हसू त्या गाण्याचं आहे, त्या नटाचं आहे, त्या सिनेमाचं आहे. आमच्या माणसानं तिथं काही केलेलंच नाही.

आम्ही गोंदिया जिल्ह्यात, आमगावच्या आसपास, दोन-तीन मिनिटांचे विनोदी प्रसंग करून यूट्यूबवर टाकतो. मी लिहिते. दिवसा पतसंस्थेत काम, संध्याकाळी लेखन. कॅमेरा एका मित्राच्या हातात असतो, संकलन दुसरा करतो आणि नट म्हणजे आमचेच मित्र, शेजारी, भाचे, वहिन्या. ज्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार उभी राहते, झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटे संपतात, त्या भागात विनोद करायला माणसं शोधावी लागत नाहीत. झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घराघरांत ती बातमी आपल्याच माणसाची म्हणून वाचली गेली. पण मंडईतल्या मंचावर जे चालतं ते सगळं आमच्या दोन मिनिटांत चालत नाही, आणि त्यात सगळ्यात मोठी अडचण गाण्याची आहे.

मंचावर प्रसंग ढिला पडला की ऑर्गनवाला एखाद्या सिनेमाच्या गाण्याची ओळ वाजवतो आणि मांडव उसळतो. ती सवय आमच्या हाडात आहे. त्यामुळे आमच्या गटात कुणालाही विनोद सुचला की त्याच्या शेपटाला गाणं लागूनच येतं. बायको माहेराहून परत आली, वाजवा गाणं. सासरा दारात उभा राहिला, वाजवा गाणं. धानाचा चुकारा खात्यात जमा झाला, वाजवा गाणं. लिहिणाऱ्याला हे फार सोपं पडतं आणि म्हणूनच मला ते नको असतं.

कायद्याचं आधी सांगते, कारण याबाबत आमच्याकडच्या पोरांत गैरसमज पक्के आहेत. सात सेकंदांपर्यंत चालतं, असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं तीस. गाण्याचा वेग थोडा वाढवला, आवाज जाड केला, खाली ‘श्रेय मूळ मालकांना’ लिहिलं की काही होत नाही, असंही सांगतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. शिवाय एका गाण्यात हक्क एकाचाच नसतो. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचं. शब्द आणि चाल यांवरचा हक्क त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणावरचा ते प्रसिद्ध झाल्यावर साठ वर्षं. गीतरामायण घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चाली २०६२ अखेरपर्यंत. ‘जुनं गाणं आहे, आता कोण विचारतंय’ या वाक्याला काही आधार नाही, हे या एका उदाहरणावरून कळतं. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे. पण अलीकडच्या संगीतकारानं त्याला दिलेली चाल त्याची आहे, आणि गायकाचं ध्वनिमुद्रण ते काढणाऱ्या कंपनीचं.

विडंबनाचा प्रश्न थोडा वेगळा. सिनेमाच्या चालीवर आपले शब्द बसवणं ही आमच्याकडची जुनी रीत. आपल्या कायद्यातल्या ५२ व्या कलमात टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, पण ‘विडंबन’ असं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयानं सिव्हिक चंद्रन यांच्या नाटकाच्या खटल्यात, मूळ नाटकावर टीका करण्यासाठी त्यातला बराच भाग वापरूनही ते नाटक सादर होऊ दिलं होतं. म्हणजे कोर्टात बाजू मांडायला जागा आहे. पण ते नाटक मूळ नाटकालाच प्रश्न विचारत होतं. आमच्या प्रसंगातलं गाणं कशावर टीका करतं? कशावरच नाही. ते फक्त टाळ्या मिळवायला आलेलं असतं. अशा वापरासाठी मी वकिलाकडे जाणार नाही आणि कुणाला जा म्हणणारही नाही.

यूट्यूबवर तर न्यायाधीशाआधी यंत्रच निकाल देतं. हक्कदारांनी दिलेल्या गाण्यांचे ठसे तिथं साठवलेले असतात आणि चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. जुळलं की दावा लागतो. मग हक्कदार ठरवतो: व्हिडिओ चालू द्यायचा आणि त्यावरच्या जाहिरातींचे पैसे आपण घ्यायचे, नुसतं लक्ष ठेवायचं, की तो बंदच करायचा. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, हा फरक नव्या मुलांना माहीत नसतो आणि ती घाबरून चॅनेलच पुसून टाकतात. हक्कदारानं कायदेशीर मागणी करून व्हिडिओ उतरवला की स्ट्राइक लागतो. असे तीन स्ट्राइक नव्वद दिवसांत लागले तर चॅनेल जाऊ शकतं. छोट्या उभ्या व्हिडिओंचा आणखी एक नियम आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत करता येतात, पण एका मिनिटापेक्षा लांब शॉर्टवर असा दावा लागला तर तो सगळीकडे बंद होतो. आमचे प्रसंग दोन-तीन मिनिटांचे. त्यांच्यासाठी एका गाण्याची किंमत अख्खा प्रसंग आहे.

नुसती भीती असती तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण गाण्यावर टेकलेला विनोद दुसऱ्या बाजूनंही लंगडा असतो. आमचा प्रेक्षक एका भाषेचा नाही. गोंदियाच्या बाजारात मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी सगळं ऐकू येतं. पलीकडे बालाघाट, राजनांदगाव. सालेकशातल्या आजीला जे गाणं ऐकून हसू येईल ते तिरोड्याच्या कॉलेजातल्या पोराला माहीतच नसेल. रुसलेला माणूस मात्र दोघांनाही कळतो.

रुसलेल्या माणसावरचाच आमचा एक प्रसंग इथं सविस्तर सांगते.

विषय वरातीचा होता. नवरदेवाचा मामा रुसून बसलाय. त्याला फेटा आधी बांधला नाही, पाहुण्यांत त्याचं नाव घेतलं नाही, काहीतरी मानापमान झालाय. सगळे समजूत काढतात, तो ऐकत नाही. तेवढ्यात डीजेवर एक गाजलेलं गाणं लागतं आणि मामा उडी मारून नाचायला लागतो. पहिला कच्चा आराखडा एवढाच होता. वाचन झालं. मामाचं रुसणं सगळ्यांना आवडलं, शेवटाला मात्र कुणी हसलं नाही. आणि ते वाक्य आलंच: ‘इथं गाणं वाजलं की मजा येईल.’

कॅमेरावाल्या मित्रानं मार्ग सुचवला की डीजेऐवजी धुमाल ठेवू. धुमाल पार्टी म्हणजे ढोल, ताशे, कॅसिओ, गाडीवर कर्णे. तिथं गायक नसतो, मग हक्क कसला? पण कॅसिओवर वाजते ती सिनेमाचीच चाल, आणि चाल संगीतकाराची. यंत्रसुद्धा नुसत्या चालीवरून गाणं ओळखू शकतं. दुसरा म्हणाला, खऱ्या वरातीत जाऊन शूटिंग करू, वरातीला तर कायद्यानं सूट आहे. सूट आहे, हे खरं. त्याच ५२ व्या कलमात धार्मिक विधी आणि लग्नाची वरात यांत गाणं वाजवण्याला मुभा दिलेली आहे, आणि केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये ती पुन्हा स्पष्टही केली. पण ती सूट वरातीत वाजवण्याची आहे. वरातीतलं गाणं आपल्या विनोदी व्हिडिओत घालून जगापुढे ठेवण्याची नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा.

मग मी उलटं विचारायला घेतलं. गाणं या प्रसंगात नेमकं काय काम करतं? ते मामाचा रुसवा मोडतं. म्हणजे मामाला मनातून नाचायचं आहे, पण मान सोडवत नाही. हे एकदा दिसल्यावर गाण्याची गरज कमी आणि मामाची गरज जास्त झाली. मामाला आपलं आवडतं गाणं हवं आहे, पण त्याला नाव आठवत नाही. मग तो डीजेवाल्याला ते समजावून सांगायला लागतो. अंतिम कागदावरचा मधला भाग असा:

‘अरे, ते लाव ना बे.’
‘कोनतं, मामाजी?’
‘ते नाही का, ज्याच्यात पाऊस येते.’
‘पाऊस तं पन्नास गान्यात येते.’
‘तो पोट्टा भिजते. पोट्टी नाही भिजत. तिच्याजवळ छत्री रायते.’
‘मामाजी, थोडंसं गुनगुनून दाखवा ना.’
‘मी नवरदेवाचा मामा आहो. चारचौघात गानं म्हनू का मी?’

या शेवटच्या वाक्यानं प्रसंग उभा राहिला. मामानं गुणगुणलं असतं तर चाल पुन्हा आलीच असती. आता तो गुणगुणत नाही याचं कारण कायद्यात नाही, त्याच्या स्वभावात आहे. मान सोडवत नाही म्हणून तो गाणार नाही, आणि गाणार नाही म्हणून त्याला हातवारे करावे लागणार. आधी बोटानं छत्री दाखवतो, मग पाऊस, मग नायकाची चाल, मग नायिकेची गिरकी. डीजेवाल्याला काही उमगत नाही, म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं, जरा रुंद. वरात थांबते, लोक गोल करतात आणि मामा भर रस्त्यात एकही सूर न वाजता पूर्ण गाणं नाचून काढतो. शेवटी डीजेवाला म्हणतो, ‘ओळखलं, मामाजी! पन ते माझ्याजवळ नाही.’ मामा उपरण्यानं कपाळ पुसतो, फेटा सारखा करतो आणि म्हणतो, ‘राहू दे. माझं झालं.’ तिथंच प्रसंग थांबतो. तो दोन मिनिटं दहा सेकंदांचा झाला.

प्रेक्षक प्रत्येक जण मनात आपलं वेगळं गाणं वाजवतो. आम्ही एकच गाणं वाजवलं असतं तर ते कुणाला आवडलं असतं, कुणाला नसतं.

मामा कुणाला करायचं हा पुढचा प्रश्न. आमच्या गटात एक जण झाडीपट्टीच्या नाटकात चार हंगाम काम केलेला. सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं. पण मंचाची सवय असलेला नट शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं बोलतो, आणि आमचा कॅमेरा चार फुटांवर असतो. त्याला डीजेवाला केलं, कारण डीजेवाल्याला गर्दीत ओरडूनच बोलायचं होतं. मामासाठी मी राईस मिलमध्ये पर्यवेक्षक असलेल्या मित्राला विचारलं. तो गडी कधी नाटकात नव्हता, पण मिलच्या दारात उभा राहून ट्रक मोजताना त्याची मान जशी ताठ असते ती कुठल्या शाळेत शिकवता येणार नाही.

मित्रांना घेऊन काम करताना मी सगळ्यात आधी हेच बघते: या माणसाची रोजची कोणती गोष्ट मला भूमिकेत उचलता येईल? नट असता तर तो भूमिकेकडे गेला असता. मित्राकडे भूमिकेनं यावं लागतं. मिलवाल्याला वाक्यं पाठ होत नाहीत, पण भांडणाचा क्रम बरोबर लक्षात राहतो. म्हणून त्याला कागद न देता मी तीन गोष्टी सांगितल्या: तुला काय हवं आहे, तू काय करणार नाहीस, आणि कोणत्या शब्दावर थांबायचं आहे. मधली वाक्यं त्यानं आपल्या बोलीत बोलली. ‘तिच्याजवळ छत्री रायते’ हे वाक्य त्याचं आहे. मी लिहिलं होतं, ‘तिच्याकडे छत्री असते,’ आणि त्यात काही जीव नव्हता.

कॅमेरा चालू झाला की मित्र बदलतात. हात कुठं ठेवावे कळत नाही, आवाज वर चढतो, वाक्य संपलं की माझ्याकडे बघतात. यावर आमचा उपाय असा की पहिली तालीमच चित्रित करायची, ‘आता खरं’ असं म्हणायचंच नाही. समोरचा हसून प्रसंग मोडत असेल तर दोघांचं चित्रण वेगवेगळं करायचं, ऐकणाऱ्याचा चेहरा नंतर घ्यायचा. विनोद पुष्कळदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. मामाच्या प्रसंगात सगळ्यात जास्त हसू आलं ते मागे उभ्या असलेल्या छोट्या भाच्यामुळे. मामा नाचतोय आणि तो पूर्ण गंभीरपणे पाण्याची बाटली धरून उभा आहे. त्याला आम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं, मामा थकला की पाणी द्यायचं.

मुली मिळवणं कठीण जातं. आमच्या गावात मुलगी व्हिडिओत दिसली की चार तोंडं बोलतात, आणि ते ऐकावं लागतं तिच्या आईला. म्हणून मी आधी आईला भेटते, पूर्ण कागद वाचून दाखवते, आणि चढवण्याआधी तयार व्हिडिओ तिच्याच मोबाइलवर दाखवते. तिनं नको म्हटलं तर तो भाग जातो, वाद नाही. वेळ लागतो, पण याशिवाय दुसरी वाट मला मान्य नाही. काही जण मिशीवाल्या पोराला लुगडं नेसवून काम भागवतात. दंडारीत पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा आहे आणि त्यात कसलेले कलाकार होऊन गेले. पण मुलगी मिळाली नाही म्हणून पोराला लुगडं नेसवणं आणि त्या नेसवण्यावरच हसणं, हे त्या परंपरेचं काम नव्हे. तसा प्रसंग मी लिहीत नाही.

आणखी एक ठाम गोष्ट. मित्राचा बोबडा उच्चार, त्याचं पोट, त्याची जात, त्याची काळी कांती, यांवर विनोद लिहायचा नाही. व्हिडिओ चार दिवसांत लोकांच्या डोळ्यांआड होतो, पण मित्राला त्याच चौकात रोज चहा प्यायचा असतो आणि लोक त्याला त्या विनोदाच्या नावानं हाक मारतात. मामाला आता बाजारात ‘छत्रीवाले मामाजी’ म्हणतात आणि तो मान ताठ करून ओ देतो. त्याच्या हट्टावर हसलेलं त्याला चालतं.

शूटिंगच्या तारखा धानाच्या हिशेबानं ठरतात. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की कुणी भेटत नाही. कापणी, मळणी आणि खरेदी केंद्रावरच्या रांगा यांतही नाही. मिलवाल्याला तर धान यायला लागलं की रविवारही मिळत नाही. म्हणून वरातीचा प्रसंग आम्ही उन्हाळ्यात, तेही सकाळी सातच्या आत घेतला.

सकाळीच घेण्याला आवाजाचंही कारण होतं. गाणं टाळायचं ठरवलं म्हणून ते टळत नाही, ते चारी बाजूंनी आत शिरतं. देवळाचा कर्णा, चहाच्या टपरीवरचा टीव्ही, रस्त्यानं जाणाऱ्या ऑटोतलं गाणं आणि सगळ्यात दगाबाज म्हणजे नटाच्या खिशातला मोबाइल. कॉलर माइक लावला तरी मागचा सूर पुसट येतोच, आणि यंत्राला पुसट सूरही पुरतो. म्हणून जागेवर पोचल्यावर आमचा संकलक कानाला हेडफोन लावून काही वेळ नुसता उभा राहतो. माणसाच्या कानाला सवय असते, शेजारचं गाणं मन गाळून टाकतं. हेडफोनमध्ये ते लख्ख कळतं. मग त्या जागेचा मोकळा आवाज अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवतो. एखाद्या वाक्यामागे गाणं आलंच, तर ते वाक्य पुन्हा बोलून घ्यायचं आणि त्याखाली हा मोकळा आवाज पसरायचा, म्हणजे सांधा ऐकू येत नाही.

मामाच्या नाचाला मात्र ताल हवाच होता. तालाशिवाय पाय उचलत नाहीत आणि वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे जुळत नाहीत. गाणं मोठ्यानं लावलं तर माइकमध्ये येणार. म्हणून कॅमेऱ्याच्या पलीकडच्या कानात एक छोटा इअरफोन दिला आणि त्यात नुसता ठोक्याचा आवाज. फेट्याचा पदर त्यावरून सोडला. व्हिडिओत ऐकू येतं ते एवढंच: जनरेटरची घरघर, चपलांचा घासणारा आवाज, मामाचा श्वास, आणि कुणीतरी विचारलेलं ‘काय झालं?’. हे आवाज नंतर जवळून पुन्हा मुद्रित केले. गाण्याच्या जागी रिकामी शांतता ठेवली असती तर प्रेक्षकाला वाटलं असतं की आवाज गेला.

तयार झाल्यावरही आम्ही व्हिडिओ लगेच उघडा करत नाही. खासगी ठेवून चढवतो. यूट्यूब स्टुडिओत चढवतानाच कॉपीराइटची तपासणी होते आणि काही जुळलं तर कितव्या सेकंदाला ते दाखवलं जातं. तेवढा भाग कापता येतो, गाणं बंद करता येतं. पण माझ्या मते तिथं कापण्यापेक्षा मूळ संकलनात परत जावं. यंत्रानं कापलेल्या जागी विनोदाची वेळ चुकते, आणि आमच्या प्रसंगात अर्धा सेकंद इकडचा तिकडे झाला तरी हसू जातं.

शेवटी श्रेयनामावलीखाली मात्र आम्हाला संगीत हवं होतं. यूट्यूबच्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहात फुकट तुकडे मिळतात, काहींना श्रेय द्यावं लागतं, काहींना नाही. पण त्यांत आमचा ताशा नाही. म्हणून धुमाल पार्टीतल्या दोघांना बोलावून सांगितलं की सिनेमाचं काहीही नको, वरात वळण घेताना तुम्ही जो ठेका धरता तो वाजवा. चाळीस सेकंद मिळाले. त्यांना मोबदला दिला आणि साध्या कागदावर लिहून घेतलं. आपल्या कायद्यात हक्क देण्याचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवर टाकायच्या संगीताला ही दोन्ही कलमं लिहावीच लागतात. आम्ही लिहिलं की हा तुकडा आमच्या चॅनेलवर जगभर, कायम वापरता येईल, आणि तो दुसऱ्या कुणाला विकण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहील. नटांकडूनही असाच चार ओळींचा कागद सही करून घेतो. मैत्री आहे म्हणून कागद नको असं काही जण म्हणतात. माझा अनुभव असा की कागद असला की पैशाचं बोलणं एकदाच होतं आणि मैत्रीत येत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धुमाल पार्ट्यांना, दंडारीतल्या वादकांना आणि खडी गंमतीच्या शाहिरांना म्हणूनच माझं एक सांगणं आहे. लग्नसराई संपल्यावर एखादा दिवस काढा, शांत जागा बघा आणि तुमचे स्वतःचे ठेके, स्वतः बांधलेल्या चाली मुद्रित करून ठेवा. तुकड्यांवर तारीख आणि वादकांची नावं घाला. आम्हाला हसण्याच्या प्रसंगाखाली, रडण्याच्या प्रसंगाखाली, मामा घरी परतताना, असं वेगवेगळं संगीत लागतं आणि आम्ही त्याचे पैसे देऊ. आमच्यासारखे आणखी चॅनेलवाले तिरोड्यात आहेत, देवरीत आहेत, साकोलीत आहेत. त्यांनाही ते लागणार आहे.